विश्लेषण : फुकट वाचले जाणारे वेबकॉमिक पैसे कसे मिळवते?

अमेरिकेतील चित्रकार रिच बर्ल्यू यांनी २०१२ च्या सुरुवातीला आपल्या वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले. ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ हे त्यांचे वेबकॉमिक २००३ पासून इंटरनेटवर सुरू होते. पात्रे काडीसारखी, वाचायला एक पैसाही लागत नव्हता. संपलेल्या एका छापील खंडाची नवी आवृत्ती काढण्यासाठी हे पैसे हवे होते. महिनाभराने ‘किकस्टार्टर’वरील मोहीम संपली तेव्हा १४,९५२ जणांनी मिळून साडेबारा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. जे घरबसल्या फुकट वाचता येते, त्यासाठी इतक्या लोकांनी पैसे का मोजले? आणि आज कुणी मोबाइलवर चित्रमालिका सुरू केली, तर तिच्यातून पैसे कोणत्या वाटेने आणि साधारण किती येतात?

वाचायला पैसे का घेत नाहीत?

वेबकॉमिक म्हणजे छापण्याआधीच, किंवा कधीही न छापता, थेट इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होणारी चित्रकथा. काही मालिका तीन-चार चौकटींच्या विनोदी पट्टीच्या असतात, काही पानापानाने पुढे सरकणाऱ्या दीर्घ कथा असतात. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर अंगठ्याने खाली सरकवत वाचायची उभी पट्टी रुळली आहे. ती कोरियातून आली. तिथल्या ‘नेव्हर’ कंपनीने २००४ मध्ये वेबटून सेवा सुरू केली आणि तिची इंग्रजी आवृत्ती २०१४ मध्ये आली.

नवा वाचक दहाव्या किंवा शंभराव्या भागाला भेटतो आणि कथा आवडली तर मागे जाऊन पहिल्यापासून वाचतो. मागचे सगळे भाग खुले असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. पहिल्याच दारात पैसे मागितले तर अनोळखी कथेसाठी कुणी थांबत नाही. त्यामुळे या व्यवसायाची मूळ रचना अशी झाली आहे की वाचन सर्वांसाठी फुकट आणि कमाई मोजक्या, जीव लागलेल्या वाचकांकडून. बर्ल्यू यांना पैसे देणाऱ्यांनी कथा आधीच वाचलेली होती. त्यांना ती आता घरातल्या कपाटात हवी होती.

मालिका टाकायची कुठे?

तीन मुख्य पर्याय आहेत. पहिला इन्स्टाग्रामसारखी समाजमाध्यमे. तिथे अनोळखी लोकांपर्यंत पोहोचणे सर्वात सोपे, म्हणून भारतातील बहुतेक वेबकॉमिक तिथेच सुरू होतात. पण कोणाला काय दिसणार हे कंपनीची यंत्रणा ठरवते. पन्नास हजार फॉलोअर असले तरी नवा भाग त्यातल्या थोड्यांनाच दिसू शकतो. जुने भाग क्रमाने वाचणेही जिकिरीचे असते. त्यामुळे चार चौकटींत संपणारा विनोद तिथे चालतो, दीर्घ कथा मात्र विस्कळीत होते.

दुसरा पर्याय वेबटून किंवा तापससारखे खास चित्रकथांचे मंच. वेबटूनच्या ‘कॅनव्हास’ विभागात कुणीही स्वतःची मालिका टाकू शकतो. कंपनी ज्या मालिकांसाठी करार करून मानधन देते त्या ‘ओरिजिनल्स’ वेगळ्या. कॅनव्हाससाठी चित्राची रुंदी ८०० पिक्सेल ठेवावी लागते आणि लांब पट्टी १,२८० पिक्सेल उंचीच्या तुकड्यांत कापून चढवावी लागते. नवखे चित्रकार मोठ्या कागदाच्या मापाने पान रेखाटतात आणि मग ते मोबाइलवर आकसून अक्षरे वाचता येत नाहीत. त्यामुळे माप आधी ठरवायचे आणि चित्र नंतर काढायचे. या मंचांवर चित्रकथा वाचायलाच आलेले लोक असतात आणि भाग क्रमाने लागतात. पण लाखो मालिकांच्या गर्दीत आपली सापडणे अवघड असते.

तिसरा पर्याय स्वतःचे संकेतस्थळ. नाव आणि जागा यांचे वर्षाला काही हजार रुपये खर्च होतात आणि वाचक आपोआप येत नाहीत. पण संग्रह, ईमेल यादी आणि दुकान हे तिन्ही आपल्या ताब्यात राहते. अमेरिकेतील रँडल मन्रो यांचे २००५ पासून चालणारे ‘एक्सकेसीडी’ आजही स्वतःच्या साध्याशा संकेतस्थळावरच आहे. अनुभवी चित्रकार बहुधा तिन्हींची सांगड घालतात. समाजमाध्यमावर नमुना दाखवायचा, पूर्ण भाग मंचावर किंवा संकेतस्थळावर द्यायचा आणि जे येतील त्यांचा ईमेल पत्ता मागायचा. उद्या एखादा मंच बंद पडला किंवा त्याचे नियम बदलले, तरी ही यादी सोबत राहते.

वाचक टिकतात कशाने?

ब्रिटिश लेखिका अ‍ॅलिस ओसमन यांनी ‘हार्टस्टॉपर’ ही चित्रकथा २०१६ मध्ये टम्बलर आणि तापसवर सुरू केली. नवी पाने महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला यायची. एका वेळी पाने थोडीच असत, पण तारीख ठरलेली होती. वाचकाला वाट पाहण्याची सवय लागते ती अशा ठरलेल्या वेळेमुळे. दर आठवड्याला देऊ असे सांगून तीन आठवड्यांनी देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी देऊ असे सांगून पाळणे केव्हाही चांगले.

यासाठी ‘शिल्लक’ लागते. पहिला भाग टाकण्याआधीच पुढचे सहा ते आठ भाग पूर्ण काढून ठेवायचे. आजारपण, परीक्षा, नोकरीतले काम यांत ही शिल्लक वापरली जाते. ती दोन भागांवर आली की वेळापत्रक मोडणार, असा सरळ इशारा असतो. अशा वेळी वाचकांना आधी सांगून महिनाभर सुट्टी घ्यावी. न सांगता गायब होणाऱ्या मालिकेचे वाचक सहसा परतत नाहीत.

वाचक जमत आहेत की नाही हे लाइक्सवरून कळत नाही. खरी खूण वेगळी आहे. पहिला भाग किती जणांनी वाचला आणि ताजा भाग पहिल्या आठवड्यात किती जणांनी वाचला, हे शेजारी मांडून पाहावे. पहिला भाग दहा हजारांनी वाचला आणि चौथा नऊशे जणांनी, तर प्रसिद्धी पुरेशी आहे, पण कथेची पकड पहिल्या तीन भागांत सुटते आहे. अशा वेळी जाहिरातीवर पैसे घालण्याऐवजी ते तीन भाग पुन्हा काढावेत. उलट पहिला भाग दोन हजारांनी आणि ताजा बाराशे जणांनी वाचला असेल, तर कथा टिकून आहे आणि तिला नवे वाचक दाखवण्याची गरज आहे.

जाहिरातींतून किती मिळते?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका मराठी मालिकेचे आठ हजार नियमित वाचक आहेत, दर आठवड्याला एक भाग येतो आणि प्रत्येक वाचक संकेतस्थळावर दर भेटीत दोन पाने उघडतो. महिन्याला साधारण ६४ हजार पेज व्ह्यू झाले. गुगलच्या अ‍ॅडसेन्समधून हजार पेज व्ह्यूमागे ३० रुपये मिळाले असे धरले, तर महिन्याची कमाई १,९२० रुपये. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमेपर्यंत पैसे खात्यात पाठवत नाही. म्हणजे पहिली रक्कम हाती यायला चार-पाच महिने लागतील. एका भागामागे वीस तास काम धरले, तर तासाला २४ रुपये पडले.

जाहिरातीचा दर वाचक कोणत्या देशात बसून वाचतो यावर फार अवलंबून असतो. अमेरिकेतील वाचकामागे मिळणारी रक्कम भारतातील वाचकाच्या कितीतरी पट असते. त्यामुळे परदेशी चित्रकारांचे ‘माझे इतके व्ह्यू आणि इतकी कमाई’ असे आकडे पाहून आपला अंदाज बांधणे फसवे ठरते. वेबटूनच्या कॅनव्हासवरही जाहिरातीत वाटा मिळतो, पण त्यासाठी किमान एक हजार सबस्क्रायबर आणि महिन्याला ठरावीक पेज व्ह्यू अशी पात्रता गाठावी लागते आणि हे नियम वेळोवेळी बदलतात.

जाहिरातीचा दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या ब्रँडने चित्रकाराला थेट पैसे देऊन त्याच्या शैलीत भाग काढून घेणे. भारतात इन्स्टाग्रामवरच्या अनेक चित्रकारांची मोठी कमाई यातून होते. इथे दर ठरवताना केवळ चित्राचे नव्हे तर वापराचेही पैसे मागावेत. आपल्या पानावर एकदा टाकणे वेगळे आणि कंपनीने ते वर्षभर होर्डिंगवर लावणे वेगळे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. ते लपवले आणि वाचकाला नंतर कळले, तर त्याचा विश्वास जातो. तोच पुढे पुस्तक घेणार असतो.

वाचकांची मासिक वर्गणी हा पर्याय कसा?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट्रिऑन’ने ही पद्धत रुळवली. कथा सर्वांना फुकटच राहते. वर्गणी देणाऱ्यांना पुढचा भाग आठवडाभर आधी, कच्ची रेखाटने किंवा एखादे जादा पान मिळते. वर्गणीदारांना काय द्यायचे हे ठरवताना नवखे चित्रकार हमखास चुकतात. दर महिन्याला प्रत्येकाला हाताने काढलेले चित्र पाठवण्याचे कबूल करतात. वर्गणीदार वाढले की मूळ मालिकाच थांबते. जे आपण तसेही करतो आहोत तेच आधी दाखवणे, हे सर्वात टिकाऊ बक्षीस.

आपल्या आठ हजार वाचकांपैकी एक टक्का, म्हणजे ८० जण महिना १०० रुपये देतात असे धरू. आठ हजार रुपये जमले. पॅट्रिऑन ऑगस्ट २०२५ पासून नव्याने येणाऱ्या चित्रकारांकडून १० टक्के घेते, शिवाय पैसे हस्तांतराचे शुल्क वेगळे. हाती सात हजारांच्या आत-बाहेर राहतील. आठ हजार जणांच्या जाहिरातींपेक्षा ८० जणांची वर्गणी तिपटीहून जास्त भरली.

भारतीय वाचकांच्या बाबतीत एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीला ग्राहकाची वेगळी मंजुरी आवश्यक केली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगला, पण परदेशी मंचांवरचे अनेक भारतीय वर्गणीदार त्यामुळे गळाले. म्हणून इथले चित्रकार मासिक वर्गणीऐवजी यूपीआयवरून एकदाच द्यायची वार्षिक रक्कम किंवा ऐच्छिक मदत मागणे पसंत करतात. अमेरिकी कंपनीकडून पैसे घेताना ‘डब्ल्यू-८बेन’ हा करविषयक अर्ज भरून ठेवावा. तो नसेल तर अमेरिकेतील स्रोताच्या कमाईवर ३० टक्क्यांपर्यंत कर आधीच कापला जाऊ शकतो.

पुस्तक आणि वस्तूंच्या विक्रीत नफा कुठे, तोटा कुठे?

पुन्हा उदाहरणादाखल आकडे घेऊ. ९६ रंगीत पानांचे पुस्तक, ऑफसेटवर ५०० प्रती, प्रतीमागे छपाई १५० रुपये. एकूण ७५ हजार रुपये आधी घालावे लागले. किंमत ४०० रुपये. वाचकाने थेट मागवले तर पुठ्ठ्याचा खोका २० रुपये, कुरिअर ६० रुपये, ऑनलाइन पैसे घेण्याचे शुल्क ८ रुपये असे ८८ रुपये जातात आणि ३१२ रुपये हाती येतात. म्हणजे छपाईचा खर्च भरून निघायला २४१ प्रती विकाव्या लागतील. आठ हजार वाचकांच्या हिशेबात हे तीन टक्के होतात. पुस्तक दुकानांतून विकले आणि ४५ टक्के सवलत द्यावी लागली, तर २२० रुपयेच येतात आणि खर्च भरून निघायला ३४१ प्रती लागतात.

त्यामुळे आधी छापून मग विकण्यापेक्षा आधी नोंदणी घेऊन मग छापणे सुरक्षित ठरते. किकस्टार्टरवर भारतात राहणाऱ्या चित्रकाराला स्वतःची मोहीम उघडता येत नाही, पण आगाऊ नोंदणी साध्या पेमेंट लिंकवरूनही घेता येते. महिनाभरात अडीचशे नोंदी आल्या तर ऑफसेट आणि साठच आल्या तर डिजिटल छपाईवर तेवढ्याच प्रती, असा निर्णय पैसे अडकण्याआधी घेता येतो.

टी-शर्ट सर्वांना सुचतात, पण पाच मापे आणि दोन रंग म्हटले की दहा वेगळे गठ्ठे घरात पडतात. शेवटी उरतात ते कुणालाच न बसणारे. स्टिकरची छपाई स्वस्त, पण ९९ रुपयांच्या स्टिकरवर साठ रुपये कुरिअर कोण भरणार? म्हणून स्टिकर पुस्तकासोबत जोडून किंवा कॉमिक मेळाव्यातल्या टेबलावर विकले जातात. कराचीही एक बाब आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. स्टिकर, मग, टी-शर्टसारख्या करपात्र वस्तू राज्याबाहेर पाठवायच्या तर उलाढाल कितीही लहान असली तरी सामान्यतः नोंदणी लागते. दुकान उघडण्याआधी चार्टर्ड अकाऊंटंटशी अर्धा तास बोलावे.

पैसे जमले की काम संपले, असेही नाही. बर्ल्यू यांनी मोहीम वाढत गेली तशी पुस्तकांसोबत जादा कथा आणि इतर बक्षिसे कबूल केली. त्याच वर्षी त्यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि मालिका काही महिने थांबली. कबूल केलेल्या जादा कथांपैकी काही वाचकांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे गेली. पुस्तके छापता येतात, पण चित्रकाराचा हात एकच असतो. जे पुन्हा नव्याने काढावे लागेल ते कबूल करताना हात आखडता घ्यावा.

हक्क कुणाकडे राहतात?

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकथा तयार होताच तिचा हक्क निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. तरीही चित्रे उचलून, सही कापून दुसऱ्या पानांवर टाकली जातात. सही कोपऱ्यात न करता चौकटीच्या आत, रेषांमध्ये गुंफली तर ती कापता येत नाही. मूळ फाइल थरांसह जपून ठेवावी. तक्रार करताना तोच पुरावा ठरतो.

कोणताही करार करताना छपाई, भाषांतर, चित्रपट-मालिका आणि वस्तूंचे हक्क वेगवेगळे मोजावेत. ‘हार्टस्टॉपर’ची पहिली छापील आवृत्ती ओसमन यांनी २०१८ मध्ये किकस्टार्टरवरून स्वतः काढली, पुढच्या वर्षी ती मोठ्या प्रकाशकाकडे गेली आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. फुकट टाकलेल्या कथेचे हक्क लेखिकेकडेच होते म्हणून हा प्रवास झाला. आपल्याकडील कायद्याच्या कलम १९ मध्ये एक उपयुक्त तरतूद आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणूनच करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द दिसले, की तिथे थांबून मोबदला विचारावा.

मराठीत हे जमेल का?

मूळचे नागपूरचे, दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेले रोहन चक्रवर्ती २०१० पासून वन्यजीवांवर ‘ग्रीन ह्युमर’ ही मालिका काढत आहेत. ती इंटरनेटवर खुली आहे. त्याच कामातून वृत्तपत्रातील सदरे, अभयारण्यांचे सचित्र नकाशे, संस्थांसाठीची चित्रे आणि पुस्तके निघाली. त्यांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे. पण लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे त्यांचा विषय इतका नेमका आहे की पक्षी किंवा जंगलावर चित्र हवे असले की त्यांचेच नाव आठवते. मराठी वाचकांची संख्या इंग्रजीइतकी नसल्याने जाहिरातीवर भिस्त ठेवून मराठी मालिका चालणे कठीण आहे. थेट पुस्तक, मागणीनुसार काम आणि दिवाळी अंकांसारखी छापील जागा यांचा मेळ बसला, तर हिशेब जुळू शकतो.

देवनागरीसाठी दोन तांत्रिक गोष्टी पाळाव्या लागतात. वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांना वर-खाली जास्त जागा लागते, त्यामुळे संवादाचा फुगा इंग्रजीपेक्षा मोठा काढावा आणि वाक्य छोटे ठेवावे. पूर्ण भाग स्वतःच्या मोबाइलवर, हात लांब धरून वाचून पाहिला की चूक लगेच दिसते. फुग्यातील मजकूर मात्र चित्रापासून वेगळ्या थरात ठेवावा. पुढे तीच मालिका इंग्रजीत किंवा हिंदीत आणायची झाली, तर चित्र पुन्हा काढावे लागत नाही, फक्त अक्षरे बदलतात.